मानेतली गाठ: संसर्ग की लिम्फोमा?

लिम्फोमा आणि ल्युकेमियात फरक काय? संसर्गातही गाठ येते, मग कॅन्सरची कशी ओळखायची?

दोन्ही रक्तपेशींचे कॅन्सर. ल्युकेमिया अस्थिमज्जेत सुरू होऊन रक्तात उतरतो, लिम्फोमा बहुधा लसीका ग्रंथीत वाढतो. सीमारेषा पुसट आहे: सीएलएल नावाचा ल्युकेमिया आणि एसएलएल नावाचा लिम्फोमा हा मुळात एकच आजार, रक्तात जास्त की ग्रंथीत, एवढंच पाहून नाव बदलतं.

घसा बिघडला की जबड्याखालच्या ग्रंथीत जंतूंशी लढणाऱ्या अनेक वंशांच्या पेशी भराभर वाढतात. आवरण ताणल्याने ती दुखते, संसर्ग गेला की हळूहळू ओसरते. लिम्फोमात एकाच बिघडलेल्या पेशीची संतती वाढतच राहते. गाठ सहसा दुखत नाही, रबरासारखी लागते. पण नुसत्या बोटांवर विसंबू नका. चार आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. लिम्फोमाचा संशय असेल तर शक्यतो पूर्ण ग्रंथी काढून तपासतात, कारण सुईने ओढलेल्या सुट्या पेशींत तिची रचना दिसत नाही.