मधला आकडा १.०९५६ आला, तर तो रेझ्ड कोसाइन नाही

प्रश्न: पायथनमध्ये रेझ्ड कोसाइन पल्स काढलाय. रोल-ऑफ ०.३५, एका सिम्बॉलला ८ सॅम्पल, एकूण ६५ टॅप. पुस्तकात लिहिलंय की T, 2T, 3T ला पल्स शून्य असतो. माझ्याकडे मध्यावर १.०९५६ येतंय आणि T ला −०.०८४७. माझं नेमकं चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तुम्ही काढलेला पल्स रेझ्ड कोसाइन नाही, रूट रेझ्ड कोसाइन आहे. हे मी मधल्या आकड्यावरून सांगतोय. रेझ्ड कोसाइनचं सूत्र असं, यात T म्हणजे एका सिम्बॉलचा काळ आणि β म्हणजे रोल-ऑफ:

`h(t) = sinc(t/T) · cos(πβt/T) / (1 − (2βt/T)²)`

यात t = 0 घातलं की β काहीही असो, उत्तर १ च येतं. रूट रेझ्ड कोसाइनची मध्यावरची किंमत मात्र `1 − β + 4β/π` असते. β = ०.३५ घातलं की ०.६५ + ०.४४५६ = १.०९५६, म्हणजे तंतोतंत तुमचा आकडा. T ची किंमत मध्याच्या किमतीने भागली की −०.०७७ मिळतं. हाच भागाकार 2T ला साधारण ०.०५२ आणि 3T ला −०.०२३ येईल. तुमच्या अ‍ॅरेमध्ये तपासून पाहा, दोन्ही बाजूंना हेच आकडे दिसतील.

वर्गमूळ घेतल्यावर शून्यं का हरवतात, हे वेळेच्या सूत्रात डोकं घालून कळत नाही, फ्रिक्वेन्सीकडून लगेच कळतं. नायक्विस्टने १९२८ मध्ये मांडलेली अट आजच्या भाषेत अशी: पल्सचा स्पेक्ट्रम 1/T च्या टप्प्यांनी सरकवून सगळ्या प्रती एकमेकींवर ठेवायच्या आणि बेरीज करायची. ती बेरीज सगळीकडे सपाट आली, तर पल्स सिम्बॉलच्या क्षणी शून्य असतो, आणि असतो तेव्हा ती सपाटच येते. रेझ्ड कोसाइनच्या उतारावर एका प्रतीची उंची cos²θ आणि तिच्यावर चढलेल्या शेजारच्या प्रतीची sin²θ. बेरीज कायम १. वर्गमूळ घेतलं की उंची उरते cosθ आणि sinθ, आणि त्यांची बेरीज उताराच्या मधोमध १.४१४ पर्यंत फुगते. हा फुगवटा म्हणजेच तुम्हाला T ला दिसणारे −०.०७७.

मग रूट वापरतात तरी कशाला? कारण फिल्टर दोघांत वाटलेला असतो: अर्धा ट्रान्समीटरमध्ये, अर्धा रिसीव्हरमध्ये. रिसीव्हरचा अर्धा भाग त्याच पल्सला जुळलेला असल्यामुळे नॉइजसमोर सर्वांत चांगला निकाल मिळतो, आणि दोन्हींच्या स्पेक्ट्रमचा गुणाकार मिळून पुन्हा पूर्ण रेझ्ड कोसाइन होतो. म्हणून शून्याची अट एकट्या फिल्टरवर तपासायचीच नसते, दोघांच्या कॉन्व्हॉल्यूशनवर तपासायची असते:

```python
c = np.convolve(g, g)
m = len(c) // 2
print(c[m-3*8 : m+3*8+1 : 8] / c[m])
```

मध्ये १ आणि आजूबाजूला शून्याच्या अगदी जवळचे सहा आकडे यायला हवेत. अगदी जवळचे म्हणतोय, कारण एक छोटासा शेष राहतोच, आणि त्यामागचं कारण मला या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. पूर्ण रेझ्ड कोसाइन तुम्ही कुठेही कापा, त्यावर हॅमिंग विंडो लावा, त्याची शून्यं हलत नाहीत. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. रूटचं तसं नाही. तिथे शून्य कुठे लिहिलेलंच नसतं, ते अनेक गुणाकारांची बेरीज होऊन जुळून येतं. शेपटी कापली की त्या बेरजेतल्या काही रकमाच गळतात आणि जुळणी बिघडते. त्यामुळे रूट फिल्टरवर बाजूचे लोब दाबायला विंडो लावलीत, तर आयएसआय, म्हणजे शेजारच्या सिम्बॉलची भेसळ, तुम्ही स्वतःच आत आणलीत असं समजा. शेष कापण्यामुळेच आहे का, हे पाहणं सोपं आहे: ६५ ऐवजी १२९ टॅप घ्या. शेष स्पष्टपणे कमी झाला, तर कारण कापणं. जागचा हलला नाही, तर कारण दुसरं.

ते दुसरं कारण बहुतेक वेळा सॅम्पल चुकीच्या जागी मोजणं असतं. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. एका फिल्टरचा उशीर ३२ सॅम्पल, दोघांचा ६४, आणि मी कुठेतरी ६५ धरले होते. एका सॅम्पलने काय होतं ते आकड्यांत बघा. ८ पैकी १ सॅम्पल म्हणजे T चा आठवा भाग. इतकं उशिरा सॅम्पल घेतलं की मुख्य किंमत १ वरून ०.९७३ होते, जी नजरेत भरतही नाही. पण आधीच्या सिम्बॉलची शेपटी −०.०९३ आणि पुढच्याची ०.१२७ इतकी मिसळते. दोन्ही बाजूंचे आकडे असमान आणि उलट चिन्हांचे आहेत, हे लक्षात ठेवा. फक्त एकदाच रूट लावला असेल, तर दोन्ही बाजूंना सारखाच −०.०७७ असतो. म्हणजे मध्याच्या डावी-उजवीकडचे पहिले दोन आकडे पाहूनच चूक फिल्टरची आहे की जागेची, हे सांगता येतं. आय डायग्राममध्ये सॅम्पलच्या क्षणी दोन्ही चुका फक्त मिटत आलेल्या डोळ्यासारख्या दिसतात, म्हणून मी तिथून सुरुवात करत नाही.

एकच रूट लावून सोडला तर नुकसान किती? दोन्ही बाजूंच्या तीन-तीन शेजाऱ्यांच्या किमती चिन्ह सोडून मिळवा: २ × (०.०७७ + ०.०५२ + ०.०२३), म्हणजे साधारण ०.३०. सर्वांत वाईट क्रम आला, तर +१ असलेला सिम्बॉल ०.७ वर सापडेल. बीपीएसके हे सहन करेल, १६-क्यूएएम करणार नाही: तिथे बिंदूंच्या चार पातळ्या −३, −१, १, ३ अशा आणि निर्णयाची रेघ बिंदूपासून जेमतेम १ अंतरावर. शेजारी ३ चे असले, की तोच हस्तक्षेप ०.९ पर्यंत जातो आणि नॉइजसाठी जागाच उरत नाही.

पूर्ण रेझ्ड कोसाइनचं वरचं सूत्र स्वतः लिहिणार असाल, तर एक खड्डा. t = T/(2β) ला छेद शून्य होतो. तुमच्या ०.३५ साठी हा क्षण १.४२८६T आहे, ८ सॅम्पलच्या जाळीत बसत नाही, म्हणून तुम्हाला तो भेटणार नाही. β = ०.५ केलंत, की तो नेमका T वर येतो, तुम्ही तपासत असलेल्या पहिल्याच शून्यावर, आणि स्क्रीनवर `inf` दिसतं. तिथली खरी किंमत `(π/4)·sinc(1/(2β))` आहे. β = ०.५ ला ती sinc(1) मुळे शून्यच येते, म्हणजे अट मोडलेली नसते. ती किंमत `np.where` ने वेगळी भरा. उरलेल्या शून्यांच्या जागी 3.9e-17 असं काही दिसलं, तर ते फ्लोटिंग पॉइंटचं आहे, त्याच्या मागे लागू नका.

हे सगळं आधी नॉइज आणि चॅनल न घालता, ट्रान्समीटर थेट रिसीव्हरला जोडून करा. तिथे सहा आकडे शून्याला टेकले, आणि चॅनल घातल्यावर पुन्हा वर आले, तर तो आयएसआय चॅनलमधून आलेला आहे. मग β बदलून काही होणार नाही, इक्वलायझर लागेल.