फ्रांकीजा आणि स्कोपेर्तो: दोन्ही म्हणजे एकच ‘वजावट’ नव्हे

इटालियन विमा पॉलिसीच्या अनुवादात या दोन्ही शब्दांना सरसकट ‘वजावट’ लिहू नका. फ्रांकीजा म्हणजे भरपाईतून कापली जाणारी ठरलेली रक्कम. स्कोपेर्तो म्हणजे नुकसानीचा टक्का, बहुधा किमान रकमेसह. समजा, नुकसान 2000 युरो, स्कोपेर्तो 10 टक्के, किमान 250. टक्क्याने 200 होतात, पण किमान रक्कम जास्त, म्हणून 250 कापून हातात 1750 येतात. असं उदाहरण मी टिपेत देतोच.

वगळलेल्या बाबींत ‘साल्वो’ दिसलं की थांबा, तिथून अपवाद सुरू होतो.

‘देनुंचा दी सिनिस्त्रो’ म्हणजे पोलिसांत तक्रार नव्हे, विमा कंपनीला नुकसानीची सूचना. नागरी संहितेच्या 1913व्या कलमानुसार मुदत 3 दिवस, घटना घडल्यापासून किंवा ती कळल्यापासून. चोरीत पोलिसांकडे द्यायची तक्रारही देनुंचाच, त्यामुळे कुठली ते अनुवादात स्पष्ट लिहा.