पाकीट नाकारणं गरिबाला का परवडत नाही

प्रश्न: माझा तौलनिक राजकारणाचा निबंध मतखरेदीवर आहे. गरीब मतदार पैसे, साड्या, कुकर का घेतात? पाचशे रुपयांत पाच वर्षं विकतोय हे त्यांना कळत नाही का? पुण्यातलं उदाहरण देऊन कुणी समजावेल का?

उत्तर:

कळतं, आणि नीट कळतं. पाचशे रुपयांना पाच वर्षांनी भागलं की दिवसाला 27 पैसे येतात, हा हिशेब दर निवडणुकीत मोबाइलवर फिरतो आणि वस्तीतल्या मोबाइलवरही येतो. त्यात एक गोष्ट मात्र न सांगता धरलेली असते: पैसे नाकारले की पाच वर्षं चांगला कारभार मिळतो. तसं कुणालाच मिळत नाही. लाखांनी मतदार असलेल्या मतदारसंघात एका मतानं निकाल फिरत नाही, हे नाकारणाऱ्यालाही माहीत असतं. नाकारणाऱ्याचे पाचशे तर जातातच, शिवाय आणखीही काही जातं. तुमच्या निबंधाचा गाभा त्या 'आणखी काही'त आहे.

मी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत वाढलो आणि आता कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडून सांगतो.

हा व्यवहार म्हणजे मताची विक्री असेल, तर विकत घेणाऱ्याची त्यात फारच अडचण होते. पैसे आधी द्यायचे, मत नंतर पडणार, आणि तेही पडद्याआड. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि खाली पेटीत पडते. ती मतदाराला घरी नेता येत नाही, कुणाला दाखवता येत नाही. मग पैसे घेऊन मत दुसऱ्याला दिलं तर उमेदवार काय करणार? राज्यशास्त्रज्ञ सुसान स्टोक्स यांनी 2005 मध्ये अर्जेंटिनाच्या पेरॉनवादी पक्षाबद्दल लिहिताना हाच पेच मांडला. त्यांचं उत्तर असं, की पक्षाचा माणूस त्याच मोहल्ल्यात राहतो, लोकांना वर्षानुवर्षं ओळखतो, आणि कुणी कसं मत दिलं असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधू शकतो. शिवाय तिथे त्या काळी मतपत्रिका पक्षच छापून वाटत, त्यामुळे लक्ष ठेवणं सोपं जाई. लोकशाहीत मतदारानं पक्षाला जाब विचारायचा, इथे पक्ष मतदाराला जाब विचारतो, असा त्यांचा निष्कर्ष.

हे जसंच्या तसं पुण्याला लावू नका. इथे मतपत्रिका कुणी वाटत नाही. पण आपल्याकडे दुसरी एक फट आहे. मतमोजणीनंतर फॉर्म 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्राची उमेदवारवार मतं प्रसिद्ध होतात. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, म्हणजे वस्तीतल्या मोजक्या गल्ल्या. तुमचं एकट्याचं मत कुणाला दिसत नाही, पण तुमच्या गल्ल्यांचं मिळून मत सगळ्या शहराला दिसतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' यंत्र वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 मध्ये दिला होता. विधी आयोगानंही 2015 च्या अहवालात तशी शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'तुमच्या शाळेतल्या बूथवर आपण मागे का?' असं कार्यकर्त्याला वरून विचारलं जातं, आणि तोच प्रश्न तो आमच्या चौकात येऊन विचारतो. ड्रेनेजची लाइन, नळजोडाची दुरुस्ती, फरशा ही कामं गल्लीच्या हिशेबानंच होतात, त्यामुळे गल्लीचा आकडा लोकांना चांगलाच झोंबतो.

आता मूळ मुद्दा. मत गुप्त आहे, पण पाकीट घेणं किंवा न घेणं अजिबात गुप्त नाही.

प्रचार थांबल्यावरच्या रात्री काय होतं ते पाहा. कार्यकर्त्याच्या हातात मतदार यादीची झेरॉक्स असते. घरागणिक कंस केलेला, बाजूला आकडा: चार मतं, सहा मतं. जे कामाला दुसऱ्या गावी गेलेत त्यांच्यावर फुली. तो दारात येतो, 'वहिनी, मतं किती? पाच ना?' म्हणतो आणि पाकीट हातात ठेवतो. बरोबर दोन पोरं असतात, समोरच्या घराचं दार उघडं असतं. या क्षणी नको म्हणणं म्हणजे 'आम्ही तुमचे नाही' असं साऱ्या गल्लीसमोर जाहीर करणं. घेतलं तर काहीच जाहीर होत नाही. उद्या आत जाऊन कुठलंही बटण दाबता येतं. घेण्यानं मतदाराचं स्वातंत्र्य शाबूत राहतं, नाकारल्यानं त्याची बाजू उघडी पडते. माझी आई दोन्ही पॅनेलची पाकिटं घ्यायची आणि मत कुणाला दिलं ते आम्हा मुलांनाही सांगायची नाही.

बाजू उघडी पडली तर काय बिघडतं? आमच्या शेजारच्या काकूंचं सांगतो. काकांना दवाखान्यात दाखल केलं आणि बिल ऐपतीच्या पलीकडे गेलं. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेतून बिलाचा भाग मिळू शकत होता, पण तिचं कार्ड काढायला उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्या दाखल्यासाठी कामावरून सुट्टी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणार. एका कचेरीत रहिवासाचा पुरावा चालणार नाही म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या वेळी साहेब नव्हते. शेवटी आमच्या भागातल्या कार्यकर्त्यानं काकूंना गाडीवर बसवून नेलं, आत जाऊन दोन शब्द बोलला, आणि काम झालं. काकूंना जे मिळालं तो त्यांचा हक्कच होता. पण तो हक्क कचेरीच्या खिडकीवर चालला नाही, ओळखीवर चालला. त्या माणसाचं पाकीट निवडणुकीच्या रात्री परत करायला काकूंचा हात कसा धजेल?

तौलनिक राजकारणात याला आश्रयदाता-आश्रित संबंध म्हणतात, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची समज मला समाजशास्त्रज्ञ हाविएर आउयेरो यांच्या ब्युनॉस आयर्समधल्या गरीब वस्तीच्या अभ्यासातून मिळाली. औषध, रेशन, कागदपत्र यांसाठी लोक वर्षभर ज्या माणसाकडे जातात, त्याच्याशी असलेल्या नात्यातला निवडणुकीचा दिवस हा फक्त एक दिवस असतो. बाहेरून आलेल्या पत्रकाराला तो एकच दिवस दिसतो, म्हणून त्याला ती खरेदी वाटते. पुण्यात याचा पुरावा समोर आहे: मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला. नगरसेवक नावापुरतेही उरले नाहीत, पण वस्तीतला कार्यकर्ता त्याच चौकात, त्याच खुर्चीवर बसत राहिला आणि लोक दाखले घेऊन त्याच्याकडेच जात राहिले.

मग उमेदवार का वाटतात, तेही मत मिळण्याची खात्री नसताना? राज्यशास्त्रज्ञ सिमॉन शोशार यांनी मुंबईच्या निवडणुकांत हे जवळून पाहिलं. तिथे अनेक उमेदवार एकाच घरात वाटतात, लोक सगळ्यांचं घेतात, आणि वाटणाऱ्यालाही माहीत असतं की यातली बरीच मतं येणार नाहीत. तरी थांबता येत नाही, कारण समोरचा वाटतोय. जो वाटत नाही तो शर्यतीतच नाही, असं वस्तीत धरलं जातं. मी जे पाहिलं ते याला धरूनच आहे: ज्याचं पाकीट आलं नाही त्या उमेदवाराबद्दल आमच्याकडे 'हा निवडून आला तरी दार उघडणार नाही' असंच बोलत. पाकिटावरून लोक माणसाची ऐपत जोखतात आणि त्याच्याकडे आपली दखल आहे का ते पाहतात. त्यातला किती पैसा मधल्या मधे जिरतो हा वेगळा विषय; स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं आहे की मधले लोक कुंपणावरच्या मतदाराऐवजी आधीपासूनच आपल्या असलेल्या लोकांना जास्त देतात, कारण ते सोपं असतं आणि त्यांचं स्वतःचं वजन वाढतं.

निबंधासाठी दोन गोष्टी सांभाळा. पहिली, लोकांना थेट विचारू नका. लाच देणं हा जसा गुन्हा आहे तसा घेणंही आहे. आधी भारतीय दंड संहितेत होता, आता न्याय संहितेच्या कलम 170 मध्ये आहे. शिवाय लाज असते ती वेगळीच. निकाराग्वात 2008 च्या स्थानिक निवडणुकांनंतर संशोधकांनी थेट विचारलं तेव्हा जेमतेम 2 टक्के लोकांनी वस्तू किंवा पैसे मिळाल्याचं मान्य केलं. मग त्यांनी निम्म्या लोकांना प्रचारातल्या चार साध्या गोष्टींची यादी दिली, उरलेल्यांच्या यादीत 'भेट मिळाली' ही पाचवी घातली, आणि 'यातल्या किती घडल्या, फक्त आकडा सांगा' असं विचारलं. दोन गटांच्या सरासरीतल्या फरकावरून भेट मिळालेल्यांचं प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास निघालं.

दुसरी, सगळ्याच वाटपाला मतखरेदी म्हणू नका. 2024 मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजना घ्या. निवडणुकीच्या तोंडावर आली, महिना 1500 रुपये देते, म्हणून बरेच जण तिला आणि पाकिटाला एकाच रांगेत बसवतात. कसोटी एकच लावा: मी दुसऱ्याला मत दिलं, किंवा देणार असं उघड बोलले, तर माझं मिळणं थांबेल का? वय आणि उत्पन्नाच्या अटी छापील आहेत आणि पैसे थेट बँकेत येतात, त्यामुळे योजनेच्या पातळीवर उत्तर 'नाही' असं येतं. मत मिळवण्यासाठी आणलेलं धोरण म्हणून तिच्यावर जरूर टीका करा, पण ती वेगळी टीका आहे. फक्त ती योजना वस्तीत कशी पोचली तेही बघा. ज्यांना ॲप जमलं नाही, आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, त्यांचे अर्ज कुठे भरले गेले? आमच्याकडे चौकातल्या मंडपात, कार्यकर्त्याच्या फोटोखाली, आणि किती घरांतून किती अर्ज आले ते त्याच्या वहीत उतरवून.