आमचं शॉपिंग फीड रोज अपडेट होतं, तरी संपलेल्या मालावर जाहिरातीचे पैसे जातात. स्टॉक आणि जाहिराती जुळवून कशा ठेवायच्या?

"रोज अपडेट होतं" हे वाक्य आमच्या एजन्सीवाल्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न वाचूनच डोकं तडकलं, म्हणून लिहितोय. फीड म्हणजे गूगलला जाणारी आपल्या मालाची यादी, ती रोज जाते हे खरं असेल हो, पण त्यात जातं काय ते कधी उघडून बघितलंय का?

आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान, आजोबांपासूनचं. काउंटरवर थोरला चुलतभाऊ बसतो, सगळे त्याला आण्णा म्हणतात. वेबसाइट मी काढली, वूकॉमर्सवर, आणि गूगलच्या शॉपिंग जाहिरातीही मीच सुरू केल्या. आण्णाचं मत पहिल्यापासून एकच, "गूगलला पैसे घालण्यापेक्षा ते गल्ल्यात राहूदेत." तर दिवाळीच्या आधी एक कापशी जोड चांगला चालला होता, १०० क्लिकमागं साधारण २ ऑर्डरी पडायच्या, म्हणून त्याच्यावरच जास्त खर्च जात होता. एका शुक्रवारी संध्याकाळी लग्नाची पार्टी आली आणि काउंटरवरनं ७, ८ आणि ९ नंबरचे सगळे जोड घेऊन गेली. आण्णा खूश. बिलं बिलबुकात, दोन दिवसांनी कंप्युटरवर चढवली.

पुढचे ११ दिवस त्या एका चपलेवर रोज साडेआठशे रुपये जात होते, म्हणजे ९,३५०. क्लिक साडेपाच रुपयाला पडत होती, तर १,७०० माणसं आमच्या पानावर आली. हिशोबानं ३४ ऑर्डरी यायला पाहिजेत, आल्या ३, आणि त्या तिन्ही ६ आणि ११ नंबरच्या. कारण तेवढेच उरले होते. हे फीड गूगलच्या ज्या मर्चंट सेंटरमध्ये जातं, त्यानं मला हे नाही सांगितलं, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांनी सांगितलं. एका दिवसात पाच जणांनी "८ नंबर कधी येणार?" विचारलं तेव्हा माझी ट्यूब पेटली.

एजन्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, स्टॉक संपला असता तर गूगलनं जाहिरात बंदच केली असती, ही तर इन स्टॉक आहे. स्टॉक तुमचं काम, जाहिरात आमचं." आणि आण्णा म्हणाला, "बघ, मी सांगत होतो." घरात महिनाभर हेच ऐकलं मी.

आता खरी गोम कुठं होती ते सांगतो. दोन दिवसांनी का होईना, बिलं चढली होती, म्हणजे वेबसाइटला माहीत होतं की ७, ८, ९ संपलेत. पण वूकॉमर्समध्ये नंबरवार चपलेचं मुख्य प्रॉडक्ट हे, एक जरी नंबर शिल्लक असला तरी, इन स्टॉकच धरतात, आणि त्यात चूक काहीच नाही. आमच्या फीडमध्ये मात्र फक्त ते मुख्य प्रॉडक्ट जात होतं, नंबर जातच नव्हते. फीड म्हणतंय इन स्टॉक, पान म्हणतंय इन स्टॉक, दोघांचं जुळतंय, मग गूगल एरर कशाला दाखवेल? सगळं हिरवंगार आणि पैसे गटारात. असलं फीड तासातासाला पाठवलं असतं तरी तेच झालं असतं.

म्हणून आधी प्रत्येक नंबर वेगळी ओळ करून पाठवा, आयडी वेगळा, पण एकाच चपलेचे सगळे नंबर बांधणारा item_group_id एकच, आणि लिंक अशी द्या की पान उघडताच तोच नंबर निवडलेला दिसेल.

```
id       item_group_id  size  availability
kc21-8   kc21           8     out_of_stock
kc21-11  kc21           11    in_stock
```

out_of_stock असलेली ओळ जाहिरातीत दिसत नाही. संपलेला माल फीडमधून उडवून टाकू नका, आमचा एजन्सीवाला तेच करायचा. परत टाकला की नव्या मालासारखी तपासणी होते आणि ऐन सीझनला चार दिवस हात चोळत बसायचं. ओळ राहू द्या, फक्त availability बदला.

यानंतर आम्ही अजून एका ठिकाणी आपटलो. ८ नंबर out_of_stock पाठवला, तरी गूगल त्याला परत in_stock धरायचं! मर्चंट सेंटरमध्ये त्या एका आयडीवर जाऊन बघितलं तर आपण पाठवलेलं एक आणि गूगलनं धरलेलं दुसरं. कारण गूगल आपलं पान स्वतः वाचतं आणि फीडपेक्षा वेगळं दिसलं की आपोआप दुरुस्त करतं, आणि आमच्या पानामागच्या डेटात अजून मुख्य प्रॉडक्टचाच इन स्टॉक लिहिलेला होता. त्या आपोआप अपडेटच्या सेटिंगमध्ये फक्त 'संपला' एवढाच बदल स्वीकारा असा पर्याय आहे, तो लावला. मग वेबसाइटच्या पोराकडून पानामागं निवडलेल्या नंबरचा स्टॉक लिहवून घेतला, आणि स्टॉक बदलला की त्या पानाचा कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, साफ होईल असं करून घेतलं. कॅश राहिला तर गूगलला कालचंच पान वाचायला मिळतं.

शेवटचे एक-दोन जोड राहिले की काय करायचं हा वेगळा घोळ. काही जण सांगतात की २ उरले की फीडमध्ये संपला म्हणून टाका. तसलं करू नका, पानावर माल आहे आणि फीडमध्ये नाही, तेही न जुळणंच झालं. त्यापेक्षा pause मध्ये ads लिहून पाठवा, जाहिरात थांबते, जास्तीत जास्त १४ दिवस. किंवा custom_label_0 मध्ये "कमी" लिहा आणि कॅम्पेनमधनं तो लेबलवाला माल वगळा. आम्ही लेबल वापरतो, मधले तीनही नंबर संपले की अख्खी चप्पल "कमी" मध्ये जाते. ६ आणि ११ शिल्लक असून क्लिक विकत घेण्यात अर्थ नाही, घेणारा बहुतेक मधल्या नंबरचाच असतो.

तुमचं फीड फाइलनं दिवसातनं एकदाच उचललं जात असेल तर सकाळी संपलेला माल दुसऱ्या दिवसापर्यंत जाहिरातीत फिरत राहणार. स्टॉक बदलला की लगेच एपीआयनं कळवणारं प्लगइन घ्या. पण ते सगळ्यात शेवटी. आधी काउंटरची विक्री त्याच क्षणी कंप्युटरवर पडते का ते बघा, नाहीतर तुम्ही जुनाच आकडा वेगानं पाठवाल. (आण्णा, हे तू वाचत असशील तर, हो, तुझ्याबद्दलच.)

हां, एक राहिलं. तुम्ही माल बनवून देऊ शकत असाल, आमच्याकडं कारागीर दहा दिवसात जोड देतो, तर तो संपलेला नाहीच. availability मध्ये backorder टाका, availability_date द्या आणि पानावरही तीच तारीख लिहा. अशा मालाची जाहिरात चालू राहते. आणि माल पंचवीस-तीसच नग असेल तर यातलं फार काही करू नका, रोज सकाळी जाहिरातीच्या प्रॉडक्ट रिपोर्टमध्ये खर्चाप्रमाणे वरचे दहा आयडी काढा आणि त्यांचे मधले नंबर शेल्फवर आहेत का ते हातानं बघा. मी अजून बघतो. गेल्या दिवाळीपासून आण्णा बिल फाडायच्या आधी मोबाईलवर स्कॅन करतो, पण ते माझ्यामुळं झालं असं तो मान्य करत नाही, म्हणतो पोरीनं शिकवलं.