ताळेबंद जुळला म्हणून हुरळू नकोस

लातूरच्या एखाद्या डाळमिलचं गणित समज, गुणोत्तरांवरून ताळेबंद मांडायचाय. विक्री 24 लाख, सगळी उधारीची. ढोबळ नफा विक्रीच्या 25 टक्के. आधी विकलेल्या मालाचा खर्च काढ: 18 लाख. साठा उलाढाल 6 वेळा, म्हणजे साठा 3 लाख. वसुली दीड महिन्याची, म्हणून ऋणको 3 लाख.

इथं पोरं अडकतात. चालू गुणोत्तर 2, त्वरित गुणोत्तर 1.25, पण रक्कम एकही नाही! दोन्हींत फरक फक्त साठ्याचा. म्हणजे चालू देण्यांच्या 0.75 पट बरोबर 3 लाख. देणी 4 लाख, चालू मालमत्ता 8 लाख. साठा, ऋणको वजा करता रोकड 2 लाख.

स्थिर मालमत्तेची उलाढाल विक्रीवर 2, म्हणून ती 12 लाख. मालकाच्या निधीच्या 1.2 पट, म्हणून निधी 10 लाख. एकूण मालमत्ता 20 लाख. त्यातून निधी आणि चालू देणी वजा करता उरलेले 6 लाख दीर्घ मुदतीचं कर्ज.

मी एकदा साठा 18 ऐवजी 24 लाखांवरून काढला होता: 4 लाख. देणी 5.33 लाख आली, तरी ताळेबंद जुळलाच, कारण कर्ज शिल्लक आकडा म्हणून घेतलं होतं. असे तुटक आकडे दिसले की आधी साठ्याकडं बघ.