‘पश्चात’ची ओळ

प्रिय,

काल तू पाठवलेली निधनवार्ता वाचली. घरच्यांचा मजकूर तू जवळपास तसाच ठेवला आहेस. त्यातलं ‘काल दुःखद निधन झाले’ आधी बदल. निधन दुःखदच असतं, आणि रात्री आलेल्या मजकुरातला ‘काल’ सकाळच्या अंकात वेगळाच दिवस ठरतो. म्हणून ‘मंगळवारी (ता. १२)’ असं लिही. ‘सर्वांच्या लाडक्या, मनमिळाऊ’ काढ आणि त्या जागी त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या हे घे; ओळखणारे त्यावरूनच ओळखतील. ‘गं. भा.’ही गाळ. नाव पूर्ण असलं की पुरतं.

वय विचारताना ‘पूर्ण झालेलं की चालू?’ असं विचार. कागदावरच्या तारखेवर विसंबू नकोस. त्या पिढीत शाळेत नाव घालताना सोयीची १ जून लिहिलेली पुष्कळ माणसं आहेत. घरचे सांगतील ते वय धर.

खरी जोखीम ‘पश्चात’च्या ओळीत आहे. मजकुरात ‘दोन मुले, सुना’ आहे. मुले म्हणजे मुलगे, की मुलगा आणि मुलगी? मुलगे असतील तर ‘मुलगे’च लिही. मग विचार, ‘दोघंही आहेत ना?’ दुःखात लोक गेलेल्या मुलाचंही नाव सांगून जातात, आणि ‘पश्चात’मध्ये फक्त हयात माणसं येतात. समज, थोरला मुलगा आधीच गेला आहे आणि त्याची पत्नी आहे. मग ‘एक मुलगा, दोन सुना’ हेच बरोबर. पण रात्री पान लावणाऱ्याला ती चूक वाटेल आणि तो एक सून कमी करेल. ज्या सुनेने सासूचं केलं, तिचंच नाव परिवारातून गळेल. म्हणून मजकुराच्या वर ‘सुना दोनच, तपासले आहे’ अशी टीप दे.

पुतणे-भाचे हे शब्दही त्यांच्या बाजूने बघ. बाईच्या भावाचा मुलगा तिचा भाचा, दिराचा मुलगा पुतण्या. मजकूर मुलाने पाठवला असेल, तर तो भाच्याला ‘मामेभाऊ’ आणि पुतण्याला ‘चुलतभाऊ’ म्हणेल.

आता बातमी अशी होईल:

‘नाशिक : निवृत्त मुख्याध्यापिका (पूर्ण नाव) (वय ८२) यांचे मंगळवारी (ता. १२) अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी, दोन सुना, जावई, चार नातवंडे असा परिवार आहे.’

आजाराचं नाव घरच्यांनी सांगितलं तरच घाल. अंत्यसंस्कार व्हायचे असतील, तर ठिकाण आणि वेळ शेवटी दे. होऊन गेले असतील तर ते वाक्य नको.

पान जाण्याआधी घरी एकदा फोन कर, मात्र मजकूर पाठवणाऱ्याला नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी. मुलीला केलास तर उत्तम. नावं सावकाश वाचून दाखव आणि तिला मध्ये थांबवू दे.

तुझा,
काका