रिज लावल्यावर उणे सहगुणक अधिक कसा झाला?

प्रश्न: निफाडच्या द्राक्षबागांचा डेटा आहे. सकाळची आणि दुपारची आर्द्रता घेतली की घडाच्या वजनासाठी सहगुणक 6 आणि −4 येतात. रिजमध्ये उणे गायब! का?

उत्तर: रिज प्रत्येक सहगुणक सरसकट छाटत नाही, तो दिशा छाटतो. चुकांच्या वर्गांच्या बेरजेत λ‖β‖² मिळवलं की सिंग्युलर व्हॅल्यू d असलेल्या दिशेतला घटक d²/(d²+λ) पट उरतो.

समजा, दोन्ही स्तंभांतून सरासरी वजा केली, प्रत्येकाची लांबी 1 केली आणि सहसंबंध 0.98 निघाला. मग दिशा दोनच: बेरजेची (d² = 1.98) आणि फरकाची (d² = 0.02). λ = 0.1 घेतला तर पहिलीत 0.95 पट उरतं, दुसरीत जेमतेम 0.17.

तुमची बेरीज 2, फरक 10. ते होतात 1.90 आणि 1.67, म्हणून सहगुणक 1.79 आणि 0.12.

तो 10 बहुधा गोंगाटच होता, कारण सकाळ-दुपारचा फरक डेटात जवळपास बदलतच नाही. पण खरा परिणाम त्या फरकातच असेल, तर रिज तोही गिळतो. आणि हो, `sklearn` मध्ये स्तंभांचं प्रमाण विचलन 1 केलं असेल, तर इथल्या λ ला n ने गुणून `alpha` द्या.